सैडी अर्ध्यावर आली, पण सैफी जागची का हलली नाही?

नमस्कार मंडळी. फिडर ऑटोमेशनच्या व्हिडिओखाली तुमचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "लाईनवर रिमोटचे स्विच बसवले, सैडी अर्ध्यावर आली, पण सैफी होती तिथेच आहे. असं कसं?" आज फक्त तेवढ्यावरच बोलू.

व्याख्या पटकन उरकतो. सैफी म्हणजे एका ग्राहकाची लाईट वर्षात सरासरी किती वेळा गेली. सैडी म्हणजे सरासरी किती मिनिटं गेली. झालं.

आता एक 11 केव्हीचा फिडर घ्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी एक लाईन. ग्राहक 1800, लाईनचे तीन टप्पे, प्रत्येकावर 600. शेवटच्या टोकाला शेजारच्या फिडरशी जोडणारा टाय स्विच आहे. मधल्या टप्प्यात इन्सुलेटर फुटला आणि सबस्टेशनचा ब्रेकर ट्रिप झाला. सगळे 1800 अंधारात.

ऑटोमेशन नसेल तर लाईनमन पेट्रोलिंगला निघतो. पावसात, बॅटरी घेऊन, पोल टू पोल. फॉल्ट सापडला की पोलवरचा हातानं चालवायचा एबी स्विच उघडून पहिला टप्पा चालू होतो, समजा 60 मिनिटांनी. तिसरा टप्पा टायवरून 75 मिनिटांनी. मधला दुरुस्तीनंतर, 120 मिनिटांनी. एवढ्या एका घटनेची सैडी 85 मिनिटं, सैफी 1.

आता रिमोटचे स्विच बसवले. फॉल्ट पॅसेज इंडिकेटरमुळे कंट्रोल रूमला कळतं की गडबड मधल्या टप्प्यात आहे. ऑपरेटर खात्री करतो, फोन करतो, स्विच फिरवतो. पहिला आणि तिसरा टप्पा 15 मिनिटांत चालू. लाईनमनला एकच टप्पा बघायचाय, म्हणून मधला 90 मिनिटांत. सैडी 85 वरून 40. आणि सैफी? 1 च! कारण 1800 जणांची लाईट गेली ती गेलीच. 75 मिनिटं गेली काय, 15 मिनिटं गेली काय, सैफीच्या खात्यात ती एकदाच मोजली जाते.

इथेच लोक अडकतात, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. आयईईई 1366 या मानकात पाच मिनिटांपर्यंतचा खंड क्षणिक धरतात. तो सैडीतही येत नाही, सैफीतही नाही. आपल्याकडे ही मर्यादा राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. आता तेच स्विच माणसाची वाट न बघता स्वतःच फिरले आणि ते दोन टप्पे 2 मिनिटांत चालू झाले तर मोजले जातात फक्त मधले 600. सैफी 0.33, सैडी 30. नीट बघा: 15 वरून 2 मिनिटांवर आल्यानं सैडी फक्त 10 नं उतरली, पण सैफी एक तृतीयांश झाली. हेच काम 6 मिनिटांत झालं असतं तर सैफी पुन्हा 1. त्यामुळे टेंडरमध्ये नुसतं "रिमोट ऑपरेशन" लिहून सैफी सुधारण्याचं वचन देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

तिसरी बाजू, आणि माझ्या मते हीच सगळ्यात प्रामाणिक. पहिल्या टप्प्याच्या शेवटी ऑटो रिक्लोजर लावा, म्हणजे ट्रिप झाल्यावर स्वतःच पुन्हा चालू होऊन बघणारा ब्रेकर. पुढे फॉल्ट आला की तो स्वतः ट्रिप होतो, सबस्टेशनचा ब्रेकर जागचा हलत नाही. पहिल्या 600 जणांचा पंखासुद्धा थांबत नाही. फांदी टेकून बाजूला झाली असेल तर रिक्लोज होऊन पुढच्यांचीही लाईट परत येते. अट एकच: रिक्लोजरची रिले सेटिंग ब्रेकरपेक्षा जलद हवी. ती जुळवली नाही तर ब्रेकर आधी पडतो आणि रिक्लोजर पोलवर नुसता लटकलेला राहतो. ट्रिपिंगच्या नोंदी काढा; रिक्लोजरच्या पुढे फॉल्ट आणि ब्रेकरही ट्रिप, असं दिसलं की समजा सेटिंग चुकलंय.

एका ताईंनी लिहिलंय, "दिवसातून चारदा लाईट डोळा मारते, आणि आकडा म्हणे उत्तम." ताई, तुमचं बरोबर आहे. हे झटके मैफी नावाच्या वेगळ्या निर्देशांकात जातात. सैफी उतरली की मैफी चढली का, हे विचारायलाच हवं. आमच्या वरच्या उदाहरणात ते 1200 ग्राहक तिकडेच गेलेत.

आणि दोन गोष्टी जिथे हे सगळं कोसळतं. संध्याकाळच्या पीकला शेजारचा फिडर आधीच भरलेला असेल तर टाय बंद करता येत नाही, तिसरा टप्पा दुरुस्तीपर्यंत अंधारातच. दुसरी, बॅटरी. स्विच हलवायचा असतो तेव्हा लाईन मेलेली असते, म्हणून तो बॅटरीवर चालतो. एका ठिकाणी मी पॅनेल उघडलं तर बॅटरी फुगलेली, टर्मिनलवर पांढरी बुरशी, आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर मात्र तो स्विच हिरवा दिसत होता, कारण सप्लाय असताना चार्जर सगळं सांभाळून घेत होता. चार्जर बंद करून स्विच उघडून-मिटून बघा, म्हणजे बॅटरीची खरी अवस्था कळेल.