फोन हरवला, आता गूगलमध्ये शिरायचं कसं?

मंडळी, पासवर्डनंतर गूगल ज्याचा कोड मागतं, त्या ऑथेंटिकेटर अॅपमध्ये दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड इंटरनेटवरून येत नाही. सुरुवातीला तुम्ही क्यूआर कोड स्कॅन केलात, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली गेली. तीच गूगलकडेही असते. किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून दोघंही तोच आकडा काढतात. म्हणून विमानातही कोड दिसतो, आणि म्हणूनच, किल्लीची प्रत दुसरीकडे नसेल तर, फोन गेला की किल्लीही जाते.

बॅकअप कोड म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड. त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही. गूगल ते आधीच तयार करून देतं: एका वेळी दहा, प्रत्येक आठ आकडी. त्यांना घड्याळ लागत नाही, फोन लागत नाही. पण एक कोड एकदाच चालतो. नवा संच मागवलात की जुन्यातले उरलेले सगळे रद्द. दोन वर्षांपूर्वीची प्रिंट जपून ठेवणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण मध्ये कधीतरी त्यांनीच नवे कोड काढलेले असतात.

समजा, संध्याकाळी दादरच्या गर्दीत फोन गेला. घरच्या कुणाच्या तरी फोनवरून आधी सिम बंद करा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. मग भरवशाच्या संगणकावर जीमेल उघडा. पासवर्ड आधी लागतोच, बॅकअप कोड त्याची जागा घेत नाही. पुढच्या पानावर ऑथेंटिकेटरचा कोड मागितला, तर `Try another way` दाबा आणि आठ आकडी कोडचा पर्याय निवडा. वापरलेल्या कोडवर पेनाने काट मारा. सेटिंग बदलताना गूगल पुन्हा ओळख विचारू शकतं, तेव्हा दुसरा कोड हाताशी असू द्या.

आत शिरलो, सुटलो, असं वाटून बरेच जण इथेच थांबतात. पण हरवलेल्या फोनमधली किल्ली अजून चालू आहे! तेव्हा `2-Step Verification` मध्ये जाऊन ऑथेंटिकेटर नव्या फोनवर बसवा. नवा क्यूआर म्हणजे नवी किल्ली, जुनी निकामी. मग `Your devices` मधून जुना फोन साइन आउट करा, आणि शेवटी कोडचा नवा संच काढा. हे झालं फक्त गूगलचं. त्या अॅपमध्ये इतर खाती असतील, तर प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि प्रत्येकाचे बॅकअप कोडही वेगळे.

कोड कागदावर छापा आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवणं, किंवा ज्या खात्याचे कोड त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये टाकणं, हे प्रकार मला हमखास दिसतात.

आणि कोडच नसतील तर? एखाद्या लॅपटॉपवर खातं उघडं राहिलं असेल, तर तिथून साइन आउट करू नका. तिथूनच सेटिंगमध्ये शिरून बघा. तेही नसेल, तर गूगलचा `Account recovery` चा अर्ज उरतो. तो नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या संगणकावरून भरा. त्यात थांबावं लागू शकतं, आणि खातं परत मिळेलच याची हमी नसते.