उत्तर माहीत असूनही विचारायचं

(गोव्यातल्या प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मी एकाच तासाबद्दल बोलणार आहे. पेडण्याकडच्या एका गावातला चौथीचा वर्ग. बाईंनी स्वतःला एक अट घातली होती: कविता संपेपर्यंत आपल्या तोंडून प्रश्नाशिवाय काही निघायचं नाही. ‘शाबास’ नाही, ‘बरोबर’ नाही, ‘चूक’ तर नाहीच. फळ्यावर चार ओळी होत्या, वर्गासाठी त्यांनीच रचलेल्या:

काठी कोपऱ्यात उभी
जाळे लागले मुठीला
तिन्हीसांजे आजी ठेवी
पाणी पाय धुवायाला

ओळीत आठ अक्षरं आहेत. यमक तसं ‘ला’वरच भागवलंय, पण आपल्याला ते आज महत्त्वाचं नाही. ज्याच्याबद्दल कविता आहे तो माणूस तिच्यात कुठेच नाही, हे महत्त्वाचं. आपण शिकवायला उभे राहिलो की पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, ‘मुलांनो, या कवितेत आजोबा वारल्यावर आजीला त्यांची आठवण येते.’ झालं. मुलांनी शोधायचं ते आपणच हातात ठेवलं, आता उरलं काय? वहीत उतरवणं.

बाईंचा पहिला प्रश्न अगदी साधा होता. “कवितेत कोणकोणत्या वस्तू दिसतात?” काठी, जाळं, पाणी अशी उत्तरं भराभर आली. एकानं ‘तांब्या’ म्हटलं. बाईंनी विचारलं, “तांब्या कुठल्या ओळीत आहे?” तो फळ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “ना बाई, पण पाणी कशात तरी ठेवतली मगो.” तो कोकणीत बोलला आणि बाईंनी त्याला मराठीत सांगायला लावलं नाही. ते चांगलं केलं. विचार करत असताना भाषा दुरुस्त करायला बसलं की विचार तिथेच थांबतो.

या पहिल्या प्रश्नाकडे जरा नीट बघा. त्याचं उत्तर फळ्यावरच आहे, बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून मागच्या बाकावरचं मूलही बोलतं. ‘कवितेत काय सांगितलंय?’ असं सुरुवातीलाच विचारलं असतं तर दोनपैकी एक झालं असतं: वर्ग गप्प बसला असता, नाहीतर हुशार मुलीनं ‘आजीचं प्रेम’ असं ठेवणीतलं उत्तर फेकलं असतं.

मग बाईंनी विचारलं, “काठी कुणाची?”

“आजीची!” निम्मा वर्ग ओरडला.

इथे आपली जीभ वळवळते. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, “आजी ती काठी रोज वापरत असेल का?”

शांतता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं. 1974 साली त्यांनी ते छापलंही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले, तर उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गापुढे उभं राहून मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणून बघा, घाम फुटतो.

त्या शांततेतून एक मुलगी बोलली. “मुठीला जाळं लागलंय. रोज हात लागला असता तर लागलं नसतं.”

“मग काठी कुणाची असेल?”

“आज्याची,” दोघं-तिघं म्हणाले. आणि एक मुलगा उठून म्हणाला, “आजो बोटीर गेला!” हसू नका. गोव्यात घरचं माणूस घरी नाही म्हणजे ते बोटीवर आहे, हे त्याच्या दृष्टीनं अगदी सरळ उत्तर आहे. त्याला चूक ठरवलं असतं तर तो पुढचा तासभर गप्प बसला असता. बाईंनी विचारलं, “बोटीवर कामाला गेलेला माणूस काठी टेकत चालत असेल का?” तो थोडा घुटमळला. “नाही. काठी म्हणजे तो म्हातारा.” मग बाई म्हणाल्या, “म्हातारा माणूस बाहेर गेला तर काठी कुठे असायला हवी?” “त्याच्या हातात!” हे उत्तर त्याचंच होतं. स्वतःचा अंदाज त्यानं स्वतःच मोडला, तोही कवितेतल्याच एका वस्तूच्या आधारानं.

मग तो हळूच म्हणाला, “बाई, तो येवचो ना.”

बाईंनी त्यावर ‘हो’ म्हटलं नाही. त्या पुढे गेल्या, “तिन्हीसांजेला तुमच्या घरी काय काय होतं?” तुळशीपुढे दिवा, गुरं गोठ्यात, बाबा कामावरून येतात, पाय धुतात. “मग आजी पाणी कुणासाठी ठेवते?” आता कुणी ओरडलं नाही, पण हात वर होते.

या सगळ्यात बाईंनी एक प्रश्न कटाक्षानं टाळला: ‘आजीला आजोबांची आठवण येते, नाही का?’ याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण हा प्रश्न नव्हे. मूल फक्त ‘हो’ म्हणू शकतं. आपण वर्गात विचारतो त्यातले बरेचसे प्रश्न असे मान डोलावण्यापुरते असतात. ओळखायचे कसे? उत्तर ‘हो बाई’ असं एका सुरात आलं की समजावं.

आणि मग तासातला सगळ्यात चांगला प्रश्न आला. तो बाईंचा नव्हता. जाळं पकडणारी तीच मुलगी म्हणाली, “आजी रोज पाणी ठेवते, मग तिला जाळं काढायला काय झालं?”

मला तोवर हे सुचलं नव्हतं. बाईंनाही सुचलं नसावं, कारण त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं?” एक म्हणाला, तिला दिसत नसेल, म्हातारी आहे. दुसरी म्हणाली, काठीला हात लावला की तिला रडू येत असेल. तिसरा म्हणाला, काठी त्याची आहे, तो आल्यावर झाडील. बाईंनी तिघांनाही एकच विचारलं, “हे कुठल्या ओळीवरून?” पहिल्याला ओळ सापडली नाही. दुसरीनं पहिल्या दोन दाखवल्या, तिसऱ्यानं शेवटच्या दोन. निवाडा बाईंनी केला नाही, तास तिथेच संपला.

इथे बसलेल्या कुणाच्या तरी मनात आलंच असेल, की परीक्षेत काय लिहायचं? या कवितेवर चार गुणांचा प्रश्न आला तर दुसरं आणि तिसरं, दोन्ही उत्तरांना मी पूर्ण गुण देईन, ओळ दाखवली असेल तर. पहिल्यालाही शून्य देणार नाही; पण त्याच्या वहीत लाल शाईनं ‘चूक’ लिहिण्याऐवजी एवढंच लिहीन: ‘दिसत नसेल, तर पाणी कुठे ठेवायचं ते तिला कसं कळतं?’