वरच्या चौकटीतला नंबर कोणाचा?

चोपडा तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. केळीला पाणी देऊन आबा घरी आलेत, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता शेजारच्यांना पडला पण यांच्या खात्यात काही नाही, कोणीतरी म्हटलं केवायसी बाकी असेल. आबा मोबाईलवर "पीएम किसान केवायसी" एवढंच लिहितात, तेवढ्यात खाली ओळ येते, "पीएम किसान केवायसी हेल्पलाईन नंबर". आबा ती दाबतात.

ही ओळ सरकारने दिलेली नाहीये. आधी भरपूर लोकांनी तेच शोधलं म्हणून ती आली. सर्च इंजिन भाषा बघतं, भाग बघतं, लोक काय टाईप करतात ते बघतं आणि पुढचे शब्द सुचवतं, पण त्याचं खरं उत्तर नेटवर आहे का, हे काही तपासत नाही. आणि ह्याच ओळी फसवणारे पण बघतात, म्हणजे आबा काय विचारणार ते त्यांना आधीच फुकटात कळतं!

मग ते पेज बनवतात. हेडिंगला शब्दन् शब्द तीच ओळ, खाली दोन-तीन वाक्यांत सरळ उत्तर आणि त्यात एक मोबाईल नंबर. सर्च केल्यावर वरच्या चौकटीत जे ठळक उत्तर दिसतं ना, ते मशीन कुठल्यातरी पेजवरून आपोआप उचलतं, कोणी माणूस वाचून पास करत नाही. प्रश्नासारखं हेडिंग आणि लगेच खाली छोटं उत्तर असलं की उचलणं सोपं जातं, आणि खऱ्या सरकारी साईटवर तीच माहिती बऱ्याचदा मेनूच्या आत नाहीतर पीडीएफमध्ये पडलेली असते. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे, कारण चौकट बघून माणूस खाली जातच नाही.

आबांनी फोन लावला तर पलीकडचा गोड बोलतो, "काका, व्हॉट्सअपवर फाईल पाठवतो, इन्स्टॉल करा". ती एपीके फाईल असते, म्हणजे मोबाईलमध्ये नवं ॲप टाकणारी फाईल. एकदा ॲपला मेसेजची परमिशन दिली की बँकेचा ओटीपी थेट त्याच्याकडे.

म्हणून चौकटीत उत्तराच्या आधी साईटचा पत्ता बघायचा. नावात कुठेतरी gov आहे एवढ्यावर जाऊ नका, सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवट .gov.in असाच पाहिजे, टिंबासकट. हे नाव सरकारी खात्यांनाच मिळतं, .com किंवा नुसतं .in कोणीही विकत घेतं. तरी हे पण शंभर टक्के नाही, कारण चांगल्या साईटवर सुद्धा हे लोक खोटे नंबर लिहिलेल्या पीडीएफ घुसवतात. त्यापेक्षा सर्चमध्ये न शोधता वरच्या ॲड्रेस बारमध्ये pmkisan.gov.in टाईप करा, ओटीपीने केवायसी तिथे फुकट होते, आणि योजनेची हेल्पलाईन आहे 155261.

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात.