जोडाक्षर न मोडता ओळ मोडताना

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर दूध संस्थेची सूचना. शीर्षकाचा शेवट पडद्याबाहेर गेलेला.]

निपाणी, चिक्कोडी, खानापूर या भागांतील सहकारी संस्थांच्या सूचना आता कागदाबरोबर मोबाइलवरही वाचल्या जातात. उदाहरण म्हणून एका दूध संस्थेच्या सूचनेचे शीर्षक घेऊ: ‘दुग्धोत्पादकसहकारीसंस्थाध्यक्षपदासाठी निवडणूक’. पहिला शब्द सलग लिहिलेला आहे. ब्राउझर देवनागरी मजकुराची ओळ प्रामुख्याने मोकळ्या जागेवर मोडतो आणि या शब्दात ती जागाच नाही. त्यामुळे 320 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मोठ्या टायपातला हा शब्द उजवीकडे बाहेर पडतो आणि सूचना वाचण्यासाठी संपूर्ण पान आडवे सरकवावे लागते.

यावर अनेक जण घाईने `word-break: break-all` लिहितात. मराठी मजकुरासाठी हा उपाय टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या नियमाने ब्राउझर प्रत्येक अक्षरानंतर ओळ मोडण्यास मोकळा होतो, आणि जो शब्द पुढच्या ओळीवर सहज मावला असता, तोही उरलेल्या जागेत कोंबून मध्येच तोडला जातो. ‘निवडणूक’सारखा साधा शब्दही मग ‘निवड’ आणि ‘णूक’ असा दोन ओळींत विभागला जातो. याउलट `overflow-wrap` हा अखेरचा उपाय म्हणून वागतो: आधी मोकळ्या जागेवर मोडून पाहतो, आणि एकटा शब्द पूर्ण ओळीतही मावत नसेल तरच त्याला हात लावतो.

```css
.suchana h2 {
  word-break: normal;
  overflow-wrap: anywhere;
}
```

येथे `break-word` न लिहिता `anywhere` लिहिण्यास कारण आहे. डावीकडे तारीख आणि उजवीकडे शीर्षक अशी फ्लेक्स मांडणी असेल, तर स्तंभाची किमान रुंदी ठरवताना `break-word` हा शब्द अखंडच मोजतो, म्हणून स्तंभ आकसत नाही आणि पान पुन्हा रुंदावते. `anywhere` मात्र शब्द मोडता येईल हे धरूनच रुंदी मोजतो.

[दृश्य: तोच शब्द दोन ओळींत, पहिल्या ओळीच्या शेवटी पायमोडका ‘क्’.]

शब्द पडद्यात आला, तरी तो कोठे मोडला हे पाहिले पाहिजे. संगणकासाठी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. एकत्र ठेवायच्या चिन्हांच्या गटाचे युनिकोडचे जुने नियम हलन्ताला क बरोबर ठेवत, पण ष पासून नवा गट सुरू करत. जुन्या ब्राउझरमध्ये म्हणूनच एका ओळीच्या शेवटी ‘संस्थाध्यक्’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी ‘षपदासाठी’ असे दिसू शकते. रफाराचे याहून वाईट होते: ‘सर्व’ तेथे तुटला, तर व वरचा रफार नाहीसा होऊन मागे ‘सर्’ उरतो. 2023 मधील युनिकोड 15.1 ने देवनागरीचे असे जोडाक्षर एकच गट मानणारा नियम आणला. आपल्या ब्राउझरचे अक्षरविभाजन कसे चालते, हे पुढील ओळीने कळते.

```js
[...new Intl.Segmenter("mr").segment("क्ष")].length
```

उत्तर 1 आले तर जोडाक्षर अखंड धरले जाते, 2 आले तर ते तुटण्याचा धोका आहे. तरीही गावातल्या जुन्या फोनवर सूचना प्रत्यक्ष उघडून पाहावी, कारण वाचणाऱ्याच्या हातात तोच फोन असतो.

नवा नियम जोडाक्षर वाचवतो, शब्दाचा अर्थ वाचवत नाही. ‘संस्थाध्य’ आणि ‘क्षपदासाठी’ हे विभाजन त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. शीर्षकासारख्या मोजक्या ठिकाणी म्हणून समासाचे सांधे आपणच दाखवून द्यावेत.

```html
दुग्धोत्पादक­सहकारी­संस्थाध्यक्ष­पदासाठी
```

`­` हे अदृश्य चिन्ह असून ओळ तेथे मोडली तरच संयोगचिन्ह दिसते. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र ते वापरू नये, कारण वाचणारा ते संयोगचिन्ह पत्त्याचाच भाग समजेल. तेथे `<wbr>` किंवा केवळ `overflow-wrap` पुरेसे आहे. पत्त्यात देवनागरी असली की याची गरज हमखास पडते: ‘बेळगाव’ची सहा चिन्हे सांकेतिक रूपात, `%E0%A4%AC` अशा नऊ-नऊ अक्षरांनी, 54 अक्षरांची सलग माळ होतात.

[दृश्य: एकाच पानावर मराठी आणि कन्नड शीर्षक.]

सीमाभागातील सूचना बहुधा दोन्ही भाषांत असते, आणि येथे एक अडचण उरते. युनिकोड 15.1 चा जोडाक्षरांचा नियम देवनागरीसह सहा लिप्यांना लागू झाला, पण त्यांत कन्नड नव्हती. म्हणून मराठी शीर्षक नीट मोडले, एवढ्यावरून कन्नड शीर्षकही नीट मोडेल असे धरता येत नाही. कन्नड मजकुरात `­` कोठे घालायचे हे कन्नड जाणणाऱ्याकडून ठरवून घ्यावे आणि दोन्ही शीर्षके त्याच अरुंद पडद्यावर स्वतंत्रपणे तपासावीत.