जुगाराचे व्यवहार आणि गृहकर्जाचा अर्ज

नमस्कार श्रोतेहो. बेटिंगच्या ॲपवर पैसे लावले की सिबिल स्कोअर लगेच घसरतो, असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. क्रेडिट रिपोर्टमध्ये येतात ती कर्जं, क्रेडिट कार्डं आणि त्यांची परतफेड. बचत खात्यातले पैसे कुठे गेले, हे त्यात नसतं. बुकीची उधारीही नसते. पैजेचा करार 1872 च्या करार कायद्याच्या 30 व्या कलमानुसार रद्दबातलच आहे. मात्र ती उधारी फेडायला घेतलेलं पर्सनल लोन रिपोर्टमध्ये येतं, आणि घोळ तिथून सुरू होतो.

गृहकर्ज मागितलं की बँक साधारण सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते. समजा, पगार पन्नास हजार. एक तारखेला जमा झाला, पुढच्या चार रात्री पाचशे, हजार, दोन हजार असे पुन्हा पुन्हा यूपीआयने गेले आणि सात तारखेचा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला. कर्ज तपासणारा अधिकारी हे दोन मिनिटांत ओळखतो. व्यवहारापुढे बहुतेकदा ॲपचं नाव असतं, नसलं तरी तारखा बोलतात. मधूनच जिंकलेले वीस हजार जमा दिसले, तरी बँक त्यांना नियमित उत्पन्न धरत नाही.

आता हिशोब बघा. बँकेने पगाराच्या निम्मी रक्कम सगळ्या हप्त्यांसाठी धरली, तर पंचवीस हजारांपर्यंत हप्ता बसतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता पडतो, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस लाखांचं कर्ज. पण पर्सनल लोनचे नऊ हजार आणि दोन लोन ॲपचे सहा हजार आधीच जात असतील, तर उरतात दहा हजार. कर्ज साडेअकरा लाखांवर येतं. स्कोअर चांगला असला तरीही!

आणि तो चांगला राहणं अवघडच. हप्ता किती दिवस थकला, याची नोंद रिपोर्टमध्ये महिन्यागणिक राहते. थोड्या दिवसांत पाच ठिकाणी कर्ज मागितलं, तर त्या पाचही चौकशा दिसतात.

काहीजण दुसऱ्या खात्यातून खेळतात आणि ते स्टेटमेंट देतच नाहीत. पण पगाराच्या खात्यातून तिकडे वळवलेली रक्कम दिसतेच. मग बँक त्या खात्याचंही स्टेटमेंट मागते. लपवलेलं उघडं पडलं, की अर्ज तिथेच अडतो.

त्यापेक्षा आधी छोटी कर्जं पूर्ण फेडा, प्रत्येकाचं नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि खेळाचे व्यवहार नसलेले सहा महिने जाऊ द्या. सिबिलसारख्या, क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात फेडलेल्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय ना, हे पाहा. वसुलीवाला ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ म्हणाला तर सावध राहा. तशा तडजोडीची नोंद ‘सेटल्ड’ अशी होते, आणि ती पाहून बँका हात आखडता घेतात. उरलेली रक्कम नंतर भरायची ठरवलीत, तर नोंद बदलून देण्याचं पत्र कर्ज देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या.