बिल विकून पैसा: चौदा टक्के नेमके किती पडतात?

नमस्कार श्रोतेहो. आज लघुउद्योजकांशी बोलायचे आहे. माल जातो, बिल जाते आणि पैसे मात्र तीन-तीन महिने येत नाहीत, हे ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्याशी. असे अडकलेले बिल विकून आजच पैसे उचलता येतात. या व्यवहाराला फॅक्टरिंग म्हणतात आणि बिल विकत घेणाऱ्या संस्थेला फॅक्टर. आपल्याकडे तो 1991 च्या सुमारास बँकांच्या उपकंपन्यांनी सुरू केला आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा 2011 मध्ये झाला. हे कर्ज नसते. तुमच्या गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करण्याचा हक्क तुम्ही फॅक्टरच्या नावावर करून देता. पण ही सोय फुकट नाही, आणि तिची किंमत कोटेशनमधल्या टक्क्यात पूर्ण दिसत नाही. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, एक हिशेब बरोबरच मांडू.

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत एक छोटे मशीन शॉप आहे. मोठ्या वाहन कंपनीला लागणारे सुटे भाग तिथे होतात. जीएसटी धरून 10 लाखांचे बिल झाले आणि पैसे 90 दिवसांनी मिळायचे आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते व्हावेत असे कायदा सांगतो. तरी पुढची ऑर्डर जाईल या भीतीने पुष्कळ पुरवठादार त्याचा आग्रह धरत नाहीत. इकडे त्या बिलातला जीएसटी, सुमारे दीड लाख रुपये, इनपुटची वजावट करून पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. पार्टीने पैसे दिले की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. खरी ओढाताण इथे होते.

आता फॅक्टर म्हणतो, बिलाच्या 80 टक्के लगेच देतो, वर्षाला 14 टक्के व्याज आणि 1 टक्का सेवाशुल्क. म्हणजे हातात आले 8 लाख. त्यावर 90 दिवसांचे व्याज झाले सुमारे 27,600 रुपये. सेवाशुल्क मात्र हातात आलेल्या 8 लाखांवर नाही, पूर्ण 10 लाखांच्या बिलावर लागते, म्हणजे 10,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, पण नोंदणीकृत कारखान्याला त्याची साधारणपणे वजावट मिळते, म्हणून तो बाजूला ठेवू. एकूण खर्च 37,600 रुपये. पार्टीने फॅक्टरला 10 लाख दिले की उरलेल्या 2 लाखांतून हा खर्च कापून बाकी रक्कम तुमच्या खात्यात येते.

8 लाख रुपये 90 दिवस वापरायला 37,600 रुपये पडले. वर्षाच्या दरात बसवले तर जवळजवळ 19 टक्के. कोटेशनवर 14 लिहिलेले होते. आता तीच पार्टी शिस्तीची निघाली आणि 45 दिवसांत पैसे दिले तर? व्याज निम्मे होते, 13,800. सेवाशुल्क तेच 10,000 राहते. खर्च 23,800, आणि वर्षाचा दर थेट 24 टक्क्यांवर जातो. रुपये कमी गेले, पण पैसा महाग पडला. म्हणून लवकर पैसे देणाऱ्या पार्टीचे बिल विकण्यात फारसे शहाणपण नाही, आणि कोटेशन घेताना व्याजाइतकीच घासाघीस सेवाशुल्कावरही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खर्च नफ्याशी ताडून पाहा. जीएसटी वगळता बिल सुमारे साडेआठ लाखांचे. त्यात 8 टक्के नफा सुटत असेल तर तो झाला 68,000 च्या आसपास. त्यातले 37,600 फॅक्टरला गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. हे परवडते कधी? समजा, लोखंडाचा व्यापारी उधारीवर महिना 2 टक्के जादा लावतो. 8 लाखांच्या मालावर तीन महिन्यांचे 48,000 झाले. फॅक्टरचे पैसे घेऊन तोच माल रोखीने उचलला तर 10,000 रुपये वाचतात. तिथे बिल जरूर विका. पण तोच पैसा नुसता करंट खात्यात पडून राहणार असेल तर तो उचलू नये.

आता कुठे फसते ते ऐका. पहिला प्रश्न विचारायचा तो हा की पार्टीने पैसे बुडवले तर नुकसान कोणाचे. बरेच करार 'रिकोर्स'चे असतात. त्यात ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर फॅक्टर ते तुमच्याकडून परत मागतो आणि उशिराच्या दिवसांचे व्याजही चालू राहते. 'नॉन-रिकोर्स'मध्ये बुडण्याचा धोका फॅक्टर घेतो, म्हणून त्याचा दर जास्त. पण तिथेही एक मर्यादा आहे. पार्टीने मालातच खोट काढली, 60,000 रुपयांचे भाग रिजेक्ट करून डेबिट नोट पाठवली, तर ती तुमचीच जबाबदारी. म्हणून मालाची तपासणी होऊन पार्टीच्या स्टोअरची स्वीकृती मिळण्याआधी बिल विकायची घाई करू नका.

दुसरी अडचण पार्टीच्या अकाउंट्स विभागात होते. बिल विकल्याची नोटीस गेली तरी सवयीने पैसे तुमच्या जुन्या खात्यात जमा होतात. ते पैसे तुमचे नसतात. फॅक्टरच्या वतीने सांभाळून लगेच त्याच्याकडे वळते करायचे, वापरायचे नाहीत.

तिसरी गोष्ट, बँकेत कॅश क्रेडिट असेल तर तुमची येणी बहुधा आधीच बँकेकडे तारण असतात. बिल विकण्याआधी बँकेची लेखी ना-हरकत घ्या. विकलेले बिल दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधून वगळा, आणि त्यामुळे तुमची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेची मर्यादा, किती घटेल तेही विचारा. नाहीतर एका हाताने आलेले पैसे दुसऱ्या हाताने बँकेला द्यावे लागतात.

स्वस्त वाट हवी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी 'ट्रेड्स' नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. उद्यम नोंदणी असलेला उद्योजक तिथे बिल चढवतो, पार्टी ते मान्य करते, आणि मग बँका व फॅक्टर त्यावर व्याजदराची बोली लावतात. दर तुमच्या नव्हे, तर त्या मोठ्या पार्टीच्या पतीवर ठरतो, म्हणून तो पुष्कळदा कमी असतो. आपल्या उदाहरणात पूर्ण 10 लाखांवर 9 टक्क्यांची बोली लागली असे धरले तर 90 दिवसांचा खर्च येतो सुमारे 22,200 रुपये, अधिक व्यासपीठाचे शुल्क असेल ते. शिवाय पार्टीने पैसे दिले नाहीत तरी ते तुमच्याकडे मागितले जात नाहीत. अडते ते एकाच ठिकाणी, पार्टीच्या मान्यतेवर. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत तिथे नोंदणी करणे बंधनकारक केले गेले, पण नोंदणी झाली म्हणजे तुमचे बिल मान्य होईलच असे नाही. म्हणून पुढची ऑर्डर घेतानाच खरेदी विभागाला विचारा की आमची बिले ट्रेड्सवर मान्य कराल का, आणि किती दिवसांत. उत्तर होकारार्थी आले तर तेवढे एक वाक्य पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या.