प्रिंटर दोन हातांवर, पण लॅपटॉपला दिसत नाही

मंडळी, आज विषय दिलाय गेस्ट वायफायवर प्रिंटर सुरक्षितपणे कसा वापरू द्यायचा. त्याकडे येतोच, पण आधी एका अभ्यासिकेतली गोष्ट सांगतो, कारण तिथं जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. हॉल तिकिटाच्या प्रिंटसाठी त्यांना बाहेर पळावं लागू नये म्हणून ट्रस्टींनी वायफायवाला प्रिंटर घेतला. पोरांच्या लॅपटॉपला गेस्ट वायफाय, आणि प्रिंटर जोडायला आलेल्या माणसाने प्रिंटरलाही तेच गेस्ट वायफाय दिलं, कारण त्याचा पासवर्ड छोटा होता आणि प्रिंटरच्या त्या तीन बटणांवर मोठा पासवर्ड टाकणं म्हणजे तासाचं काम. ऑफिसच्या कॉम्प्युटरला प्रिंटर यूएसबी केबलने जोडला होता, तिथून झकास प्रिंट यायची. लॅपटॉपवरून मात्र एक पान नाही. मग सुरू झालं, ड्रायव्हर काढा, परत टाका, अँटिव्हायरस बंद करा, एका पोराने तर अख्खं विंडोज नव्याने टाकलं, प्रिंटरवाला दोनदा व्हिजिट चार्ज घेऊन गेला. आणि बिघाड कशातच नव्हता!

मी गेलो तेव्हा सगळ्यात आधी प्रिंटरमधून नेटवर्कचं पान छापून घेतलं. बहुतेक प्रिंटरच्या मेनूत ती सोय असते. त्यावर पत्ता होता 192.168.0.50. एका मुलीच्या लॅपटॉपचा पत्ता 192.168.0.104, म्हणजे दिसायला दोघं एकाच आळीतले. तिथूनच पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते पाहिलं:

```
ping 192.168.0.50
Reply from 192.168.0.104: Destination host unreachable.
```

ही ओळ नीट वाचा. उत्तर कोणी दिलंय? 104 ने, म्हणजे लॅपटॉपने स्वतःच. त्याने वायफायवर हाक मारली की 50 नंबर कोणाचा, कोणीच ओ दिली नाही, म्हणून तो म्हणतो की पोचता येत नाही. त्याच लॅपटॉपवरून राउटरला, 192.168.0.1 ला, पिंग लगेच जात होतं आणि इंटरनेटही चालू होतं.

असं का होतं? घरच्या किंवा ऑफिसच्या वायफायमध्ये लॅपटॉप आणि प्रिंटर शेजारी ठेवले तरी एकमेकांशी थेट बोलत नाहीत, शेजाऱ्याला द्यायची चिठ्ठीसुद्धा आधी पोस्टात जाते तसं प्रत्येक गोष्ट राउटरमधून फिरून येते. आणि गेस्ट नेटवर्कवर राउटर ठरवून ही आपापसातली चिठ्ठी पुढे देत नाही, फक्त इंटरनेटची देतो. सेटिंगमध्ये याला कुठे एपी आयसोलेशन म्हणतात, कुठे क्लायंट आयसोलेशन. प्रिंटर आपोआप यादीत दिसतो तोही अशाच आपापसातल्या हाकांवर, त्यामुळे यादीपण रिकामी. माझी तक्रार एवढीच आहे की राउटर हे कुणाला सांगत नाही, लॅपटॉपवर नुसतं प्रिंटर ऑफलाइन असं येतं आणि माणूस प्रिंटरलाच दोष देतो.

मागून कोणीतरी विचारतंय की प्रिंटर 2.4 वर आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर म्हणून असं होत असेल का. एकाच मुख्य वायफायचे दोन बँड राउटर साधारणपणे आतून जोडलेलेच ठेवतो, त्यामुळे नुसत्या बँडमुळे असं होत नाही.

बरं, दहाच मिनिटं राहिलीत, आता मूळ विषय भराभर.

आयसोलेशन बंद करू नका. ते बंद केलं की पन्नास अनोळखी लॅपटॉप एकमेकांना दिसायला लागतात, त्यातल्या एकात व्हायरस असला तर तो बाकीच्यांना शोधत फिरतो. बऱ्याच घरगुती राउटरवर Allow guests to access my local network अशी टिक असते, तीही नको, कारण ती फक्त प्रिंटर उघडत नाही, ऑफिसचं सगळंच उघडते.

प्रिंटर मुख्य वायफायवर घ्या, एकदा बसून तो मोठा पासवर्ड टाकाच. राउटरमध्ये त्याचा पत्ता रिझर्व्ह करून ठेवा म्हणजे तो बदलणार नाही. राउटर जरा वरच्या दर्जाचा असेल तर नियम लिहिता येतो की गेस्टकडून फक्त प्रिंटरच्या पत्त्यावर, फक्त छपाईचे पोर्ट 631 आणि 9100 जाऊ द्या, बाकी बंद. एवढं केल्यावरही प्रिंटर आपोआप यादीत येत नाही, कारण ती हाक गेस्टमधून पलीकडे जात नाही, तेव्हा लॅपटॉपवर पत्ता हाताने टाकून प्रिंटर ॲड करायचा.

अभ्यासिकेचा राउटर साधा, नियम लिहायची सोय नाही. म्हणून तिथं पोरं पीडीएफ एका ठरलेल्या ईमेलवर पाठवतात, काउंटरवरचा कॉम्प्युटर तो छापतो. ईमेल इंटरनेटवरून जातो, त्याला आयसोलेशन आडवं येत नाही.

बेल झाली, थांबतो. ज्यांनी लॅपटॉप आणलेत ते थांबा, इथल्या प्रिंटरला आत्ताच पिंग करून बघू.